गल्ली कोण पाहतंय?

गिरगावातल्या एका गल्लीवर आम्ही सहा मिनिटांचा ॲनिमेशन लघुपट करत होतो. द्विमितीय, हाताने काढलेला. नऊ वर्षांची एक मुलगी चाळीतून निघते, कोपऱ्यावरच्या इराण्याकडून पाव घेते आणि परत येते, एवढीच गोष्ट. पात्रांच्या मागची गल्ली, म्हणजे बॅकग्राउंड, काढायचं काम माझ्याकडे होतं. पहिलं चित्र मी मन लावून रंगवलं. लाकडी कठडे, वाळत घातलेले कपडे, दुकानांच्या पाट्या, शहाबादी फरशीचा फूटपाथ, काही राहिलं नव्हतं. चित्र एकटं पाहिलं की छान दिसायचं.

मग ॲनिमेटरने त्यावर मुलगी ठेवली. गल्लीच्या डाव्या बाजूला ती बरोबर उभी राहिली. तिला उजवीकडे सरकवलं, तर ती जमिनीपासून वीतभर वर तरंगू लागली. पाय टेकावेत म्हणून खाली ओढली, तर ती किराणा दुकानाच्या दारापुढे बाहुलीएवढी दिसू लागली. मुलीच्या चित्रात काही चुकलं नव्हतं. चूक गल्लीत होती. डावी चाळ मी रस्त्यावर उभं राहून काढलेल्या फोटोवरून उतरवली होती आणि उजवी चाळ समोरच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून काढलेल्या फोटोवरून. एकाच चित्रात दोन वेगवेगळ्या उंचींवरचे डोळे होते. रंगांनी ते झाकलं गेलं होतं. मुलगी चालायला लागली आणि ते उघडं पडलं.

ते चित्र मी बाजूला ठेवलं आणि गल्ली नव्याने बांधायला घेतली, या वेळी आधी ग्रिड आखून. ग्रिड म्हणजे चित्राखाली फिक्या रेषांनी आखलेलं जाळं. त्याच्या रेषा ठरावीक बिंदूंकडे धावतात, आणि त्यांच्या आधाराने भिंती, खिडक्या, फरश्या, कठडे बसवायचे. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्यांना रेल्वेचे रूळ दूरवर एका बिंदूत मिळताना काढल्याचं आठवत असेल. तोच हा बिंदू, लोपबिंदू. चित्रकारांच्या बोलण्यात तो व्हॅनिशिंग पॉइंट असतो. पण ॲनिमेशनमध्ये हा बिंदू नुसता रूळ काढण्यापुरता नसतो. त्या गल्लीत पुढे कुणीतरी चालणार असतं.

आधी डोळा, मग रेषा

घरातल्या खिडकीपाशी उभं राहा, एक डोळा मिटा आणि साबणाच्या वडीने काचेवर समोरचा रस्ता गिरवा. डोकं मात्र हलवायचं नाही. काचेवर जे उमटेल ते शुद्ध यथार्थदर्शन असेल, कुठलाही नियम न शिकता. आल्बेर्ती या इटालियन विद्वानाने १४३५ साली चित्रकलेवर लिहिलेल्या ग्रंथात चित्राच्या चौकटीला उघडी खिडकी म्हटलं आहे, ते याच अर्थाने. आता गुडघे वाकवून खाली बसा. साबणाची एकही रेषा बाहेरच्या रस्त्याशी जुळणार नाही. रस्ता होता तिथेच आहे, डोळा हलला आहे.

म्हणून ग्रिडची पहिली रेषा क्षितिजरेषा. ती आकाश आणि जमीन जिथे मिळतात तिथे असते, असं आपण शाळेत शिकतो. गिरगावच्या गल्लीत आकाश आणि जमीन कुठे मिळताना दिसणार? तिथे क्षितिजरेषेचा अर्थ वेगळा आणि जास्त उपयोगाचा आहे: पाहणाऱ्याच्या डोळ्याची उंची. डोळा जमिनीपासून १.२ मीटरवर असेल, तर सपाट गल्लीतली १.२ मीटर उंचीची प्रत्येक गोष्ट, जवळची असो की दूरची, बरोबर त्या रेषेवर येते.

आमची मुलगी १.३ मीटर उंच होती आणि तिचे डोळे साधारण १.२ मीटरवर. गल्ली तिच्या नजरेतून दिसावी असं दिग्दर्शिकेने ठरवलं होतं, तेव्हा क्षितिजरेषा तिथेच घेतली. या एका निर्णयाने किती गोष्टी आपोआप ठरल्या पाहा. मुलगी गल्लीत कुठेही उभी राहिली, तरी तिचे डोळे क्षितिजरेषेवरच राहणार. तिच्या बरोबरीची सगळी मुलं त्याच रेषेत. मोठ्या माणसांना ती रेषा छातीपाशी कापणार, म्हणजे मोठ्यांची तोंडं कायम वर. चाळ १२ मीटर उंच धरली होती. म्हणजे कुठल्याही जागी जमिनीपासून क्षितिजरेषेपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या दहापट उंचीवर कौलं. जवळच्या भिंतींची कौलं चौकटीत मावतच नाहीत, ती फक्त गल्लीच्या पार टोकाला दिसतात. मुलीला गल्ली उंच आणि अरुंद वाटते, हे वेगळं रंगवावं लागत नाही. रेषेच्या उंचीनेच ते होतं.

लघुपटात आणखी एक दृश्य होतं. मुलीची आजी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून तिच्यावर लक्ष ठेवून आहे. तीच गल्ली, त्याच चाळी. पण आता डोळा साधारण ८ मीटरवर आहे. समोरच्या दुसऱ्या मजल्यावर उभ्या असलेल्या शेजारणीचे डोळे क्षितिजरेषेवर येतात आणि रस्त्यावरची सगळी माणसं रेषेच्या खूप खाली जातात. मुलीची उंची आता पायापासून रेषेपर्यंतच्या अंतराचा जेमतेम सहावा भाग. तिच्या पायांपाशी कितीही मोकळी जागा दिसत असली, तरी तिला यापेक्षा मोठी काढता येत नाही. पहिल्या दृश्याची गल्ली या दृश्यात थोडी खाली-वर करून वापरता येईल का, असं मला विचारलं होतं. नाही येत. डोळा बदलला की गल्ली नव्याने काढावीच लागते.

चौकटीपासून डोळा किती लांब?

उंचीनंतर दुसरा प्रश्न अंतराचा. खिडकीच्या काचेला नाक लावून पाहिलं तर रस्त्याचा फार मोठा भाग दिसतो. चार पावलं मागे गेलं की थोडाच दिसतो. चित्रातही डोळा चौकटीपासून किती लांब आहे हे ठरवावं लागतं, आणि नवशिके नेमकं हेच ठरवत नाहीत.

आमची चौकट १९२० पिक्सेल रुंद आणि १०८० उंच होती. डोळा चौकटीपासून १६०० पिक्सेल लांब आहे असं मी धरलं. त्यामुळे नजरेचा आडवा पट्टा साधारण ६२ अंशांचा होतो. यापेक्षा फार रुंद पट्टा घेतला की कडेच्या वस्तू ताणल्यासारख्या दिसू लागतात.

हा १६०० चा आकडा एकदा धरला की बाकीचे आकडे सरळ येतात. क्षितिजरेषा मी चौकटीच्या वरच्या कडेपासून ५८० पिक्सेलवर घेतली, म्हणजे तिच्या खाली ५०० पिक्सेल उरले. ४ मीटर लांब उभ्या असलेल्या माणसाचे पाय क्षितिजरेषेच्या ४८० पिक्सेल खाली येतात. ८ मीटरवर २४०, १६ मीटरवर १२०, ३२ मीटरवर ६०. अंतर दुप्पट झालं की खोली निम्मी होते. गुणाकार नको असेल तर एवढं एक लक्षात ठेवलं तरी गल्लीची जमीन चुकत नाही.

सरळ गल्ली समोरून पाहताना लोपबिंदू एकच असतो, आणि तो असतो डोळ्याच्या अगदी समोर, क्षितिजरेषेवर. कौलांच्या कडा, गॅलरीचे कठडे, फूटपाथची कड, सगळं त्याच्याकडे जातं. खरी गंमत कोपऱ्यावरच्या इमारतीपाशी सुरू होते. इराण्याचं हॉटेल दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे, त्याच्या दोन भिंती दोन दिशांना धावतात. म्हणून त्या दृश्यात लोपबिंदू दोन, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. पण ते ठेवायचे कुठे?

इथे कंपासपेटीतला गुण्या कामाला येतो. चौकटीच्या मध्यातून क्षितिजरेषेपासून सरळ खाली १६०० पिक्सेल मोजून एक बिंदू घ्यायचा. हा पाहणाऱ्याचा डोळा, वरून नकाशात पाहिल्यासारखा. गुण्याचा काटकोन त्या बिंदूवर ठेवायचा. इमारतीच्या दोन भिंती ज्या दिशांना जातात तशा त्याच्या दोन बाजू वळवायच्या आणि त्या क्षितिजरेषेला जिथे कापतील तिथे खुणा करायच्या. झाले दोन लोपबिंदू. आमच्या हॉटेलासाठी डावा बिंदू मध्यापासून १२८० पिक्सेलवर आला आणि उजवा २००० वर. दोन्ही चौकटीच्या बाहेर. खात्री करायची असेल तर दोन्ही अंतरांचा गुणाकार डोळ्याच्या अंतराच्या वर्गाएवढा यायला हवा. १२८० गुणिले २००० आणि १६०० गुणिले १६००, दोन्हींचं उत्तर २५,६०,०००.

लोपबिंदू चौकटीबाहेर पडले की नवशिक्याला अडचण वाटते. कागद संपतो, पट्टी पुरत नाही, म्हणून तो दोन्ही बिंदू ओढून चौकटीत आणतो. समजा, मध्यापासून आठशे-आठशे पिक्सेलवर. चित्र मग ओरडून सांगतं की काहीतरी बिघडलंय: इमारतीचा कोपरा जहाजाच्या नाळेसारखा अंगावर येतो, तळमजल्याच्या फरशा टोकदार होतात. कारण बिंदू जवळ आणताना त्याने नकळत डोळाही चौकटीच्या निम्म्या अंतरावर आणलेला असतो, आणि नजरेचा पट्टा १०० अंशांचा झालेला असतो.

यावर उपाय साधा आहे. संगणकावर काम असेल तर कॅनव्हासच मोठा घ्यायचा. मी ४८०० पिक्सेल रुंद घेतला आणि चौकट मधोमध आखली. क्रिटासारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही लोपबिंदू ठरवून दिला की ब्रशची रेषा त्याच्याकडेच ओढली जाण्याची सोय असते. कागदावर काम असेल तर कागद टेबलावर चिकटवायचा, बाहेर टेबलावरच लोपबिंदूच्या जागी टाचणी खोचायची आणि तिला दोरा बांधायचा. दोरा ताणला की रेषा मिळाली. सतराव्या शतकातल्या डच चित्रकार वर्मीरच्या अनेक चित्रांत लोपबिंदूच्या जागी टाचणीचं भोक सापडलं आहे. खडू लावलेला दोरा ताणून टिचकी मारायची, की कॅनव्हासवर रेष उमटते. आपल्याकडे गवंडी आणि सुतार दोरीला रंग लावून अशीच रेघ मारतात.

आणखी एक गोष्ट गिरगाव शिकवतं. जुनी गल्ली कंपासपेटीतून निघालेली नसते. एक चाळ किंचित आत वळलेली, दुसरी रस्त्याच्या वळणाबरोबर फिरलेली. सगळ्या इमारती एकाच जोडीच्या बिंदूंना बांधल्या, तर गल्ली कवायतीला उभी राहिल्यासारखी दिसते. म्हणून प्रत्येक वळलेल्या इमारतीसाठी गुण्या त्याच बिंदूवर ठेवून थोडा फिरवायचा. तिचे दोन लोपबिंदू वेगळे पडतात, पण दोन्ही त्याच क्षितिजरेषेवर. जोड्या कितीही होवोत, क्षितिजरेषा एकच. मी प्रत्येक जोडीचं जाळं वेगळ्या लेयरवर आणि वेगळ्या रंगात ठेवतो, आणि ज्या इमारतीवर काम चालू असेल तिचंच जाळं उघडं ठेवतो. तसं केलं नाही तर तासाभरात कुठली रेषा कुणाची हेच कळेनासं होतं.

गॅलरीचे खांब

चाळ म्हटली की गॅलरी आली, आणि गॅलरी म्हटली की समान अंतरावरचे खांब. लोपबिंदू बरोबर घेऊनही चाळ पुष्कळदा खोटी दिसते, ती या खांबांमुळे. कठडा आणि छत यांच्या रेषा कुठे जातात ते लोपबिंदू सांगतो. पुढचा खांब किती अंतरावर लावायचा, हे तो सांगत नाही.

आमची गल्ली ६ मीटर रुंद आणि डोळा मधोमध, म्हणजे भिंत दोन्ही बाजूंना ३ मीटरवर. खांबांमध्ये ३ मीटर अंतर. पहिला खांब डोळ्यापासून ६ मीटरवर असेल, तर तो चौकटीच्या मध्यापासून ८०० पिक्सेलवर येतो. पुढचे ५३३, ४००, ३२० आणि २६७ वर. आता त्यांच्यामधली अंतरं पाहा: २६७, १३३, ८०, ५३. पहिल्या फटीपेक्षा दुसरी एकदम निम्मी, मग उतरण सौम्य होत जाते. हात अंदाजाने खांब लावतो तेव्हा तो प्रत्येक फट थोडी थोडी कमी करत जातो, २६७, २२०, १८० अशी. तशी गॅलरी दूर जात नाही. भिंत फुगल्यासारखी वाटते, आणि पाहणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही.

हे आकडे दर वेळी काढायची गरज नाही, कर्णाची जुनी युक्ती पुरते. पहिले दोन खांब नजरेने लावा. दुसऱ्या खांबाचा मध्य काढा. पहिल्या खांबाच्या वरच्या टोकापासून या मध्यातून एक तिरकी रेषा ओढा. ती गॅलरीच्या तळरेषेला जिथे टेकेल तिथे तिसरा खांब. मग दुसऱ्याच्या टोकापासून तिसऱ्याच्या मध्यातून, की चौथा. यामागचं कारण सोपं आहे. गॅलरीत प्रत्यक्ष उभं राहून दोन खणांवर मिळून एक तिरकी दोरी बांधली, तर ती मधल्या खांबाला बरोबर मध्यात कापते. ही गोष्ट चित्रात आकार कितीही आकसला तरी बदलत नाही.

फूटपाथच्या चौकोनी फरश्यांना हाच न्याय. एका फरशीचा कर्ण पुढे वाढवला की तो पुढच्या ओळीतल्या फरश्यांच्या कोपऱ्यांतून बरोबर गेला पाहिजे. फरशीवरची ही परीक्षा आल्बेर्तीने १४३५ मध्येच सांगून ठेवली आहे, आणि आजही चूक पकडायला तिच्याहून जलद काही नाही.

मुलगी चालू लागते

स्थिर चित्र काढणाऱ्याचं काम इथे संपतं, ॲनिमेशनचं इथे सुरू होतं. मुलगी आपल्यापासून दूर, गल्लीच्या टोकाकडे चालत जाते. ती ४ मीटरवरून निघते आणि सेकंदाला एक मीटर या चालीने ८ मीटरवर पोचते. चार सेकंद, म्हणजे २४ च्या हिशेबाने ९६ चौकटी.

सुरुवातीला तिचे पाय क्षितिजरेषेच्या ४८० पिक्सेल खाली आहेत, शेवटी २४०. उंची ५२० पिक्सेलवरून २६० वर येते. साधा विचार असा की २४० पिक्सेलचा प्रवास चार सेकंदांत वाटून द्यावा, दर सेकंदाला ६०. आम्ही तसंच करून पाहिलं. मुलगी आधी रेंगाळत निघाली आणि टोकाशी जाताना पळत सुटल्यासारखी दिसली, पाय मात्र चालीचेच. खरा हिशेब ग्रिडमध्ये आहे: पाय ४ मीटरला ४८०, ५ ला ३८४, ६ ला ३२०, ७ ला २७४, ८ ला २४०. म्हणजे पहिल्या सेकंदात ९६ पिक्सेल, मग ६४, मग ४६, मग ३४. तेव्हापासून मी बॅकग्राउंडबरोबर जमिनीवरच्या मीटर-मीटरच्या खुणांचा एक वेगळा लेयर देतो. ॲनिमेटर प्रत्येक पाऊल त्या खुणांवर टाकतो. पाऊल घसरताना दिसत नाही आणि चाल एकसारखी राहते.

पात्राची उंचीही त्याच खुणांतून मिळते. ८ मीटरवर पायापासून क्षितिजरेषेपर्यंत २४० पिक्सेल, आणि ते अंतर म्हणजे १.२ मीटर. तेव्हा तिथे एक मीटर म्हणजे २०० पिक्सेल. त्या जागी उभा असलेला १.७ मीटर उंचीचा पाववाला ३४० पिक्सेलचा. सायकल, खांब, दुकानाचं दार, सगळं याच मापाने. रंगाला हात लावण्याआधी मी गल्लीत जवळ, मध्ये आणि लांब अशा तीन ठिकाणी पुठ्ठ्याच्या बाहुल्यांसारख्या तीन साध्या आकृती उभ्या करतो. तिघींचे डोळे एका रेषेवर आले आणि तिघी दारातून नीट आत-बाहेर जाऊ शकतील असं दिसलं, तरच पुढे जायचं. चित्र आडवं उलटवून आरशातल्यासारखंही पाहतो. सवयीमुळे न दिसलेला कलता खांब तेव्हा लगेच दिसतो.

फोटोवरून गल्ली उतरवणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. वरचे मजले मावावेत म्हणून आपण मोबाइल वर कलवतो. त्या फोटोत चाळीचे उभे खांब वर जाताना एकमेकांकडे झुकतात. आकाशात कुठेतरी तिसरा लोपबिंदू तयार होतो. असं चित्र चुकीचं नसतं. पण त्यावर सरळ उभं पात्र ठेवलं, की पात्र ताठ आणि इमारत मागे पडतेय असं दिसतं. पात्र नेहमीसारखं समोरून काढायचं असेल, तर मोबाइल ताठ धरून, लांब जाऊन फोटो घ्यावा, नाहीतर उभ्या रेषा ग्रिडवर पुन्हा सरळ कराव्यात.

कॅमेरा हलला की

ग्रिडचीही एक मर्यादा आहे, आणि ती काम सुरू होण्याआधीच माहीत असलेली बरी. ग्रिड एका डोळ्यासाठी आखलेलं असतं. डोळा गल्लीत पुढे सरकला, तर ते जुनं होतं.

दिग्दर्शिकेला एका दृश्यात कॅमेरा गल्लीत शिरायला हवा होता. चित्र नुसतं मोठं करत गेलं, तर सगळं सारख्याच प्रमाणात वाढतं. खऱ्या गल्लीत आपण २ मीटर पुढे गेलो, तर ४ मीटरवरचा खांब दुप्पट होतो, आणि १६ मीटरवरची मुलगी फक्त सातव्या भागाने वाढते. हा फरक डोळ्याला लगेच कळतो. डिस्नेच्या स्टुडिओने मल्टिप्लेन कॅमेरा वापरला तो यासाठीच. चित्राचे भाग वेगवेगळ्या काचांवर रंगवायचे, काचा एकाखाली एक ठेवायच्या, वरून चित्रण करायचं आणि प्रत्येक काच वेगळ्या वेगाने हलवायची. १९३७ सालच्या ‘द ओल्ड मिल’ या लघुपटात आणि १९४० च्या ‘पिनोकिओ’मध्ये हे तंत्र दिसतं.

आज काचांची जागा लेयरनी घेतली आहे, पण अडचण तीच. झाडामागे घर आणि घरामागे डोंगर असेल तर तीन लेयर पुरतात. चाळीची भिंत मात्र डोळ्याजवळून सुरू होऊन टोकापर्यंत सलग जाते. ती कुठल्या एका लेयरवर ठेवणार? आम्ही ती खांबाखांबापाशी कापली, तुकडे थोडे एकमेकांवर चढवले आणि कॅमेऱ्याची हालचाल अगदी थोडी ठेवली. जोड खांबांमागे लपले. हालचाल याहून मोठी हवी असेल, तर चित्र संगणकातल्या साध्या त्रिमितीय खोक्यांवर चढवावं, नाहीतर दृश्य दोन शॉटमध्ये तोडावं. बॅकग्राउंड रंगवून झाल्यावर कॅमेरा हलवायचं ठरलं, तर बहुधा ते चित्र फुकट जातं.

ग्रिड सगळं काही करत नाही. गिरगावची चाळ शंभर वर्षांची असेल तर तिचा कठडा मध्ये वाकलेला असतो, एखादी चौकट कललेली असते. म्हणून शेवटच्या रेषा मी पट्टीने ओढत नाही. जाळं फिकं करून त्यावर हाताने ओढतो, आणि वाकायचं तिथे कठडा वाकू देतो. मात्र क्षितिजरेषा आणि जमीन यांना हात लावत नाही. कठडा वाकला तर चाळ जुनी वाटते. जमीन वाकली तर मुलगी पुन्हा तरंगू लागते.

रस्ता काढायला बसणाऱ्या कुणालाही मी एकच सांगेन. पहिली रेषा ओढण्याआधी तीन उत्तरं कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: ही गल्ली कोण पाहतंय, त्याचे डोळे जमिनीपासून किती वर आहेत आणि तो चौकटीपासून किती लांब आहे. उत्तर ‘साधारण इथून’ असं असेल, तर पट्टी खाली ठेवा. ते आकड्यांत आलं, की मगच कामाला लागा.